ऑफिसला पोचेपर्यंत चेहरा तेलकट होतो: पुरुषांसाठी फेसवॉश, टिपकागद आणि मॅट मॉइश्चरायझरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरून निघताना चेहरा स्वच्छ असतो. तासाभराने ऑफिसच्या लिफ्टमधल्या आरशात कपाळ आणि नाक चकाकत असतं. बहुतेक जण यावर एकच उपाय वाढवत नेतात: आणखी कडक फेसवॉश, आणखी वेळा धुणं. खरी अडचण बहुतेकदा वस्तूत नसून क्रमात आणि वेळेत असते. इथले प्रश्न रोज घामाघूम होऊन कामावर पोचणाऱ्या पुरुषांना डोळ्यांसमोर ठेवून घेतले आहेत.

चेहरा नक्की कशामुळे चमकतो, घामामुळे की तेलामुळे?

दोन्हींमुळे, पण दोन्ही वेगळ्या ग्रंथींतून येतात आणि वेगळ्या वागतात. हे एकदा नीट कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि थोडं मीठ. शरीर तापलं की तो काही मिनिटांत येतो, शरीर निवलं की थांबतो आणि मोकळी हवा मिळाली की उडून जातो. तेलाचं तसं नाही. केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथी ते चोवीस तास थोडंथोडं सोडत असतात. ते मेणकट, स्निग्ध असतं आणि हवेने उडत नाही. कपाळ, नाक आणि हनुवटी या पट्ट्यात, ज्याला टी-झोन म्हणतात, या ग्रंथी दाट असतात. म्हणून गाल कोरडे असतानाही नाक चकाकतं.

प्रवासात हे दोन्ही एकत्र येतात. त्वचा गरम झाली की तिच्यावरचं तेल पातळ होऊन सहज पसरतं, वरून घामाचे थेंब येतात आणि चेहऱ्यावर एक सलग ओला, गुळगुळीत थर तयार होतो. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश सरळ परत येतो, तीच ती चमक. घाम वाळला की पाणी जातं, तेल आणि मीठ तिथेच राहतं. म्हणूनच पोचल्यावर अर्ध्या तासाने चेहरा ओला नसतो, तरी चिकट असतो.

बायकोचा किंवा बहिणीचा चेहरा त्याच प्रवासात एवढा तेलकट होत नाही. माझाच का?

तैलग्रंथींना काम करायला लावतात ते अँड्रोजन गटातले हार्मोन. पुरुषांमध्ये ते जास्त असतात, म्हणून तेलही सरासरीने जास्त. वयात येताना ते एकदम वाढतं आणि पुढे अनेक वर्षं त्याच पातळीच्या आसपास राहतं. म्हणजे तुमच्या चेहऱ्याला ‘घाण’ लागते किंवा तुम्ही नीट धूत नाही, असा याचा अर्थ अजिबात नाही. ग्रंथींचा वेग फेसवॉशने बदलत नाही. आपल्या हातात असतं ते वर जमलेलं तेल योग्य वेळी काढणं आणि पुढचं काही तास शोषून घेईल असा पातळ थर वर ठेवणं.

जास्त वेळा तोंड धुतलं की त्वचा चिडून आणखी तेल सोडते, असं ऐकलंय. खरं का?

नाही. वरचं तेल किती काढलं हे ग्रंथीला कळत नाही, ती हार्मोनच्या सांगण्यावरून चालते. धुतल्यानंतर काही तासांत चेहरा पुन्हा तेलकट वाटतो, कारण ग्रंथी थांबलेलीच नसते. धुतलं नसतं तरी तेवढंच तेल आलं असतं, फक्त जुन्या तेलावर येऊन साचलं असतं.

पण म्हणून पाच-सहा वेळा धुवायचं, असंही नाही. वारंवार फेसवॉश लावण्याचा तोटा वेगळा आहे: त्वचेचा वरचा थर पाणी धरून ठेवतो, ती ताकद कमी होते. मग धुतल्यावर पाच-दहा मिनिटांत गाल ताणल्यासारखे होतात, मॉइश्चरायझर लावताना चुरचुरतं, नाकाच्या बाजूला लाली येते. ही लक्षणं दिसली तर धुणं जास्त होतंय असं समजा. सकाळी एकदा, रात्री एकदा आणि भरपूर घाम येऊन गेल्यावर गरज असेल तर आणखी एकदा, एवढं पुष्कळ झालं. मधल्या वेळी नुसत्या पाण्याने धुवून टिपलं तरी मीठ निघून जातं आणि चिकटपणा बराच कमी होतो.

फेसवॉश कोणता घ्यावा?

जेलसारखा, कमी फेसाचा, धुतल्यावर चेहरा ‘कचकचीत’ न करणारा. बोट फिरवल्यावर कचकच आवाज यावा, तेव्हाच चेहरा स्वच्छ झाला असं पुष्कळांना वाटतं. तो आवाज म्हणजे गरजेपेक्षा जास्त स्निग्धता निघाल्याची खूण आहे.

अंगाचा साबण चेहऱ्याला नको. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, तिचा पीएच साधारण 5 च्या आसपास. पारंपरिक साबणाचा पीएच 9 ते 10 असतो, त्यामुळे तो तेल काढतो आणि त्वचेला कोरडं, ताणलेलं करून सोडतो. वेष्टनावर सोडियम लॉरिल सल्फेट अगदी सुरुवातीच्या दोन-तीन नावांत असेल, तर तो फेसवॉश बऱ्याच जणांना कडक जातो. कोकामिडोप्रोपिल बीटेन किंवा सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट यांवर बेतलेला फेसवॉश सहसा सौम्य असतो. पण एका नावावरून निकाल देऊ नका, पूर्ण मिश्रण कसं आहे यावर ठरतं. धुतल्यानंतर दहा मिनिटांनी चेहरा कसा वाटतो ही परीक्षा वेष्टन वाचण्यापेक्षा खात्रीची आहे.

नाकावर काळे ठिपके आणि बारीक पुटकुळ्या असतील, तर सॅलिसिलिक ॲसिड असलेला फेसवॉश उपयोगी पडतो. हे आम्ल तेलात विरघळतं, त्यामुळे रंध्रांतल्या तेलकट चोंद्यापर्यंत पोचतं. साधारणपणे 0.5 ते 2 टक्के प्रमाणात ते मिळतं. रात्री एकदा पुरे. सकाळी दाढी केल्या केल्या ते लावलं तर झोंबेल.

धुण्याची पद्धत खरंच एवढी महत्त्वाची आहे का?

हो, आणि ती मिनिटभराची गोष्ट आहे. पाणी कोमट किंवा गार घ्या, गरम नको. गरम पाण्याने चेहरा तापतो आणि निघता निघता घाम सुरू होतो. वाटाण्याएवढा फेसवॉश ओल्या तळहातावर आधी फेसाळून घ्या, मग बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट कपाळ, नाकाच्या दोन्ही बाजूंचे खोलगे आणि हनुवटीची खाच एवढ्यावर फिरवा. गालांवर शेवटचे पाच-सात सेकंद पुरतात. धुताना केसांची कड, कानासमोरचा भाग आणि जबड्याखाली पाणी नक्की पोचवा. घाईत फेस तिथेच राहतो आणि तिथेच बारीक पुरळ उठतं. पुसताना टॉवेल घासू नका, दाबून टिपा.

सकाळी निघण्यापूर्वी वर काय लावावं?

शक्य तितकं कमी. घामाघूम करणाऱ्या प्रवासाआधी मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन, त्यावर आणखी काही असे तीन थर लावले, तर घामाबरोबर ते सगळे एकमेकांत मिसळतात आणि कपाळावरून डोळ्यांत उतरतात. दिवसा बाहेर पडायचं असेल तर सनस्क्रीन हवंच, एसपीएफ 30 किंवा जास्त, जेलसारखं किंवा मॅट फिनिशचं. अशा सनस्क्रीनमध्ये मुळातच थोडा ओलावा असतो, त्यामुळे तेलकट चेहऱ्याच्या बहुतेक पुरुषांना सकाळी वेगळ्या मॉइश्चरायझरची गरज पडत नाही. गाल कोरडे पडत असतील तर फक्त गालांवर मॉइश्चरायझर लावा, टी-झोन सोडा.

तेलकट वाटतं म्हणून सनस्क्रीन मात्र चिमूटभर लावू नका. दोन बोटांच्या लांबीएवढं घेतलं तर चेहरा आणि मान झाकली जाते. कमी लावलं की वेष्टनावरचा आकडा फक्त वेष्टनावरच राहतो. लावून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं द्या, तेवढ्यात कपडे करा आणि मग बाहेर पडा. ओल्या सनस्क्रीनवर हेल्मेट चढवलं की अर्धं अस्तराला लागतं.

ऑफिसला पोचल्या पोचल्या तोंड धुतो, तरी पाच मिनिटांत पुन्हा घाम. काय चुकतंय?

वेळ चुकतेय. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा: आधी निवा, मग चेहऱ्याकडे वळा.

चालणं थांबलं तरी घाम लगेच थांबत नाही. शरीराच्या आत साठलेली उष्णता बाहेर जाईपर्यंत घामाच्या ग्रंथी काम करत राहतात आणि त्याला सहसा दहा ते वीस मिनिटं लागतात. या वेळात तोंड धुतलं, मॅट मॉइश्चरायझर लावलं, तरी खालून घाम येतच असतो. तो वरचा थर उचलतो, आणि मग कपाळावर पांढरट रेघा आणि मधे चकाकणारे डाग असं विचित्र दिसतं. क्रीम वाईट आहे असं वाटून माणूस दुसरं विकत घेतो.

म्हणून पोचल्यावर पहिली दहा मिनिटं फक्त निवण्याची. पाठीवरची बॅग उतरवा, कॉलरचं बटण उघडा, पंख्याखाली किंवा हवेशीर जागी थांबा, मनगटांवरून आणि मानेवरून गार पाणी सोडा, थोडं पाणी प्या. त्या वेळात चेहऱ्यावरचा घाम फक्त टिपत राहा, साध्या सुती रुमालाने किंवा टिश्यूने, दाबून. रुमाल चेहऱ्यावर रगडून फिरवला की लाली येते, आणि तेल एका जागेवरून दुसरीकडे पसरतं.

निवलात की नाही हे कसं ओळखायचं? वरच्या ओठावर आणि केसांच्या कडेला टिश्यू दाबा. दोन मिनिटं थांबून पुन्हा दाबा. दुसऱ्यांदा टिश्यू कोरडा राहिला तर घाम थांबला. तोवर चेहऱ्यावर काहीही लावू नका.

एखाद्या खऱ्या सकाळी हे सगळं कसं बसवायचं? माझ्याकडे वेळच नसतो.

माझ्या एका सहकाऱ्याचं उदाहरण देतो. त्याचा प्रवास असा: पंधरा मिनिटं चालणं, चाळीस मिनिटं गर्दीत उभं राहून, शेवटी पुन्हा दहा मिनिटं चालणं. साडेनऊला पोचायचं, दहाला मीटिंग. तो साडेनऊला थेट प्रसाधनगृहात जाऊन कडक फेसवॉशने धुवायचा, भरपूर मॅट क्रीम चोपडायचा आणि दहाच्या मीटिंगमध्ये पुन्हा चकाकत बसलेला असायचा. कानशिलांजवळ क्रीमचे पांढरे कण दिसायचे, गाल लाल व्हायचे.

आम्ही वस्तू एकही वाढवली नाही, क्रम बदलला. घरी सात वाजता गार पाण्याने फेसवॉश, चेहरा टिपून मॅट सनस्क्रीन, मॉइश्चरायझर बंद. सनस्क्रीन बसेपर्यंत कपडे, बॅग, डबा. प्रवासात फक्त सुती रुमाल, तोही दाबून. शेवटची दहा मिनिटं चालताना वेग कमी केला. अंतर तेवढंच राहिलं, पण पोचताना अंगात साठलेली उष्णता कमी झाली. मला वाटतं त्याला सर्वांत जास्त फायदा झाला तो याच बदलाचा.

साडेनऊला पोचल्यावर तो जागेवर जातो, बॅग ठेवतो, पंख्याखाली बसून मेल बघतो. मधूनमधून टिश्यू. नऊ पंचेचाळीसला टिश्यू कोरडा राहतो. मग प्रसाधनगृहात नुसत्या गार पाण्याने दोन-तीन वेळा चेहरा धुतो, मीठ निघून जातं, आणि कागदी टॉवेलने टिपतो. अगदी चिकट झालेल्या दिवशी थोडासा सौम्य फेसवॉश, फक्त टी-झोनवर. दोन मिनिटं चेहरा पूर्ण वाळू देतो आणि मग वाटाण्याच्या अर्ध्याएवढं मॅट मॉइश्चरायझर कपाळ, नाक आणि हनुवटीवर. दहाला तो मीटिंगमध्ये असतो. धुतल्यावर सकाळचं सनस्क्रीनही जातं. त्याचा दिवस आत बसून जातो म्हणून त्याला ते चालतं. दुपारी बाहेर पडायचं असेल तेव्हा तो मॉइश्चरायझरच्या जागी पुन्हा मॅट सनस्क्रीनच लावतो.

दुपारी जेवणानंतर टिपकागदाचं एक पान. संध्याकाळचा प्रवास घरी जायचा, तेव्हा काहीच नाही. घरी पोचून निवला की फेसवॉश आणि साधं मॉइश्चरायझर.

ज्या दिवशी पोचताच मीटिंग असते, त्या दिवशी धुणं आणि क्रीम दोन्ही तो सोडून देतो. घाम टिपतो, तेल टिपतो आणि जातो. निवायला वेळ नसेल तर अर्धवट लावलेल्या क्रीमपेक्षा नुसता टिपलेला चेहरा कितीतरी बरा दिसतो.

टिपकागद म्हणजे नेमकं काय? टिश्यूने काम भागत नाही का?

घामासाठी टिश्यू उत्तम, तेलासाठी तो अर्धवट. तेल टिपायचे कागद मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. एक खरा कागद, वनस्पतींच्या तंतूंचा, पातळ. तो पाणी आणि तेल दोन्ही पितो. दुसरा निळसर किंवा पारदर्शकतेकडे झुकणारा प्लास्टिकचा पातळ पडदा, ज्यात अतिसूक्ष्म छिद्रं असतात. तो तेल ओढून घेतो, पाणी मात्र घेत नाही.

इथेच पुष्कळांचा गोंधळ होतो. घामाने ओल्या चेहऱ्यावर प्लास्टिकचा कागद लावला तर तो घसरतो, पाणी तसंच राहतं आणि ‘हे काही चालत नाही’ असं वाटतं. म्हणून आधी टिश्यूने घाम, मग या कागदाने तेल.

वापरताना कागद चेहऱ्यावर ठेवा, बोटाने दोन-तीन सेकंद दाबा, उचला. ओढू नका. आधी कपाळाचा मधला भाग, मग नाकाचा शेंडा, मग नाकपुड्यांच्या कडेची घडी, शेवटी हनुवटी. प्रत्येक वेळी कागदाची कोरडी जागा वापरा. जिथे तेल लागतं तिथे कागद पारदर्शक होतो, कागदाच्या पिशवीवर तेलाचा डाग पडतो तसाच. कोरड्या कागदात तंतूंमध्ये किंवा छिद्रांमध्ये हवा असते, तिच्यामुळे प्रकाश विखुरतो आणि कागद धुरकट दिसतो. हवेच्या जागी तेल भरलं की प्रकाश आरपार जातो.

हा डाग बघण्याची सवय लावा, तो तुमच्या चेहऱ्याचा नकाशाच आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी चेहरा धुवा, काही लावू नका, घरातच बसा आणि तीन तासांनी कपाळ, नाक, गाल आणि हनुवटी यांवर वेगवेगळे कागद दाबा. बहुतेकांना दिसतं की गालावरचा कागद जवळजवळ कोरडा आहे. मग मॅट क्रीम गालांवर लावायचं कारणच उरत नाही.

टिपल्याने त्वचेतलं ‘चांगलं’ तेल निघून जातं का?

कागद फक्त वर आलेलं तेल घेतो. दिवसातून दोन-तीन वेळा टिपल्याने काही बिघडत नाही. दर अर्ध्या तासाला टिपायची वेळ येत असेल, तर सकाळी लावलेलं काहीतरी जड आहे असा संशय घ्या. बहुतेकदा ते सनस्क्रीन असतं, नाहीतर केसांना लावलेलं तेल किंवा जेल. हेही ध्यानात ठेवा की टिपताना थोडं सनस्क्रीनही कागदावर जातं. दिवसभर उन्हात काम असेल तर टिपल्यावर ते पुन्हा लावावं लागेल.

मॅट मॉइश्चरायझर आतून काय करतं?

त्यात दोन गोष्टी असतात. एक ओलावा धरणारा भाग, म्हणजे ग्लिसरीनसारखे पदार्थ. दुसरा बारीक पावडरींचा: सिलिका, स्टार्च, केओलिन माती किंवा तशाच सूक्ष्म गोळ्या. यांतल्या सच्छिद्र पावडरी वर येणारं तेल आपल्यात शोषतात. शिवाय त्यांच्यामुळे पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत होतो, प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो आणि चमक कमी दिसते. म्हणजे मॅट क्रीम तेल थांबवत नाही, काही काळ लपवतं आणि साठवतं.

मर्यादा त्यातूनच येते. पावडर भरली की भरली. त्यानंतर चमक परत येते, आणि ती येतेच. त्यावर आणखी क्रीम चोपडलं तर तेल, जुनी पावडर आणि नवी पावडर यांची पेस्ट होते. योग्य मार्ग असा की आधी टिपकागदाने वरचं तेल काढा, मग हवं तर टी-झोनवर अगदी थोडं क्रीम.

नायसिनामाइड असलेलं मॉइश्चरायझर निवडलं तर थोडा वेगळा फायदाही मिळू शकतो. 2 टक्के नायसिनामाइड काही आठवडे लावल्यावर काही लोकांत वर येणारं तेल कमी झाल्याचं दिसलं आहे. पण हा फरक हळूहळू आणि बेताचा असतो, पहिल्याच दिवशी त्याची वाट बघू नका.

मॅट क्रीम लावलं की चेहऱ्यावरून कण सुटतात, दाढीत पांढरं अडकतं.

कण सुटण्याची तीन कारणं नेहमीची. प्रमाण जास्त होतं, खालचा थर ओला असतो, किंवा बोटं एकाच जागी घासली जातात. अनेक मॅट क्रीममध्ये डायमेथिकोनसारखे सिलिकोन असतात. ते त्वचेवर पातळ पडदा धरतात आणि तो बसत असताना घासलं की गुंडाळून निघतो. म्हणून चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर अर्ध्या वाटाण्याएवढं क्रीम दोन बोटांवर पसरवा, कपाळ, नाक आणि हनुवटीवर ठेवा आणि थापटत बसवा. मग दोन मिनिटं हात लावू नका.

पांढरटपणा सावळ्या त्वचेवर आणि दाढीच्या केसांत लवकर दिसतो, कारण पावडर जास्त असते. दाढी असेल तर क्रीम दाढीच्या रेषेपर्यंतच आणा. नवीन क्रीम घेताना हाताच्या पाठीवर न तपासता कपाळाच्या एका बाजूला लावून तासभर फिरा आणि दोन्ही बाजू उजेडात बघा.

तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर लागतंच का?

नेहमी नाही. मॉइश्चरायझर ओलावा टिकवण्यासाठी असतं आणि तेलकट त्वचेलाही फेसवॉशनंतर तो कमी पडू शकतो. धुतल्यावर दहा मिनिटांनी चेहरा आरामात वाटत असेल, कुठे ताण नसेल, तर त्या वेळी सोडून दिलं तरी चालेल. रात्री साधं, हलकं मॉइश्चरायझर मात्र लावलेलं बरं, विशेषतः सॅलिसिलिक ॲसिड वापरत असाल तर. रात्री मॅट क्रीम लावण्यात काही अर्थ नाही.

पावडर लावली तर?

कोरड्या, निवलेल्या चेहऱ्यावर अगदी थोडी चालते. घामावर लावली की थापा बनतात. प्रवासाआधी नको.

वेट वाइप्स आणि अल्कोहोलवाले टोनर?

वाइप्सने वरचं तेल निघतं, पण त्यांतलं साफ करणारं द्रव्य चेहऱ्यावरच राहतं. पाण्याची सोय नसेल तेव्हा वापरा आणि पाणी मिळताच चेहरा धुऊन टाका. अल्कोहोलवाल्या टोनरने चेहरा क्षणात कोरडा वाटतो, तो गारवा आवडतोही, पण ग्रंथींवर त्याचा काही परिणाम नाही आणि दाढी केलेल्या त्वचेला तो चिडवतो. मी तरी सुचवणार नाही.

दाढी, हेल्मेट आणि केसांचं तेल यांचा किती संबंध?

बऱ्याच जणांना वाटतो त्यापेक्षा जास्त. केसांना रात्री लावलेलं तेल किंवा सकाळचं जेल घामाबरोबर कपाळावर उतरतं. कपाळाच्या वरच्या कडेलाच पुटकुळ्यांची रांग असेल आणि नाक-हनुवटी त्या मानाने साफ असतील, तर आधी केसांकडे बघा. आठवडाभर कामाच्या दिवशी केसांना काही न लावता बघितलं की उत्तर मिळतं.

हेल्मेटच्या अस्तरात जुना घाम, तेल आणि सनस्क्रीन साठतं. ते रोज त्याच जागी घासतं आणि गालांवर, कपाळाच्या पट्ट्यात पुरळ उठतं. अस्तर निघत असेल तर आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. डोक्यावर पातळ सुती टोपी किंवा कापड घेतलं तर तेच रोज धुता येतं.

दाढी रोज करत असाल आणि सकाळच्या घामाने ती जागा चुरचुरत असेल, तर रात्री दाढी करून बघा. त्वचेला सावरायला रात्रभर वेळ मिळतो. दाढी राखली असेल तर फेस केसांवर न थांबता खालच्या त्वचेपर्यंत बोटांनी पोचवा आणि तितकंच नीट धुवून काढा.

टिपकागदावर काहीच येत नाही, तरी चेहरा चमकतो. हे कसं?

मग ती चमक तेलाची नाही. दाणेदार स्क्रब, कडक फेसवॉश, आम्लांचा मारा यामुळे वरचा थर घासला गेला की त्वचा ताणलेली, काचेसारखी दिसते. हात लावल्यावर चिकट वाटत नाही, पण धुतल्यावर झोंबतं. अशा वेळी मॅट क्रीमने उलट पापुद्रे जास्त उठून दिसतात. स्क्रब आणि सॅलिसिलिक ॲसिड दोन-तीन आठवडे बंद ठेवा, सौम्य फेसवॉश फक्त रात्री, सकाळी नुसतं पाणी, आणि साधं मॉइश्चरायझर दोन वेळा. चुरचुर थांबली की मग जुन्या गोष्टी एकेक करून परत आणा.

भुवयांत आणि नाकाच्या बाजूला तेलही आहे आणि पापुद्रेही निघतात.

याला कोरडेपणा समजून जड क्रीम लावू नका आणि मळ समजून घासूही नका. भुवया, नाकाच्या बाजूच्या घड्या, कानामागे आणि डोक्यात लालसर त्वचेवर पिवळट, तेलकट पापुद्रे असतील, तर हा बहुधा सेबोऱ्हिक डर्मटायटिस असतो, कोंड्याच्याच कुळातला. त्यावर कीटोकोनाझोलसारखी बुरशीविरोधी औषधं चालतात आणि ती त्वचारोगतज्ज्ञाला दाखवूनच सुरू करावीत. कपाळावर आणि केसांच्या कडेला एकाच मापाचे, खाजणारे बारीक पुरळ उठत असेल आणि मुरमांच्या औषधाने ते हटत नसेल, तरीही दाखवा. तेही बुरशीमुळे असू शकतं.

आणखी कधी डॉक्टरांकडे जावं?

थंड खोलीत शांत बसलेले असतानाही कपाळावरून घाम ओघळत असेल, तर तो प्रवासाचा घाम नाही. चेहऱ्याच्या अतिघामावर उपचार आहेत. काखेसाठीचं घामरोधक मात्र स्वतःहून चेहऱ्यावर फासू नका, डोळ्यांजवळ ते भाजल्यासारखं झोंबतं. घाम अचानक वाढला असेल, रात्री कपडे भिजत असतील, वजन उतरत असेल किंवा छातीत धडधड होत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाआधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा.

मुरमं दुखरी, खोल असतील आणि खड्डे पडू लागले असतील, तर फेसवॉश बदलत महिने घालवू नका. तेल खरोखर कमी करणारं आयसोट्रेटिनॉइन नावाचं औषध आहे, पण ते रक्ततपासण्यांसह डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं. नुसती चमक घालवण्यासाठी ते मागायला जाऊ नका. जाताना सध्या चेहऱ्याला आणि केसांना काय काय लावता त्याचे फोटो बरोबर न्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.